गोठेवाल्याचा संध्याकाळचा ताप

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या डेअरीत कुणालाही विचारा. आंबूस वासाचा कॅन धक्क्यावर उतरवून पाहा, म्हणजे तुम्हालाही कळेल. दूध तपासणं हे माझं काम. पांढरा कोट, गमबूट, केस टोपीत कोंबलेले, आणि कॅनचं झाकण उघडलं की पहिलं नाक पुढे. सगळे मला तपासणीबाई म्हणतात. पाठीमागे आणखी काय काय म्हणतात तेही मला माहीत आहे, कारण आमच्या मशीनवाल्याला हळू बोलता येत नाही. आयुष्यभर यंत्राच्या घरघरीत राहिलेला माणूस, त्याची कुजबुजसुद्धा फाटकापर्यंत ऐकू जाते.

तर अशा माझ्यावर, पंचेचाळिशी उलटल्यावर, एक माणूस भाळला. निदान सगळ्या डेअरीचं तसं मत पडलं, आणि खोटं कशाला बोलू, माझंही पडलं.

तो गोठेवाला. टेकाडाच्या पलीकडे त्याचा गोठा, पंधरा-वीस गाई, आणि घरात हा एकटाच. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला धक्क्यावर यायचा. दोन वर्षांत आमच्यात बोलणं म्हणजे भांडणच. मी म्हणायची कॅन नीट धुवा, तो म्हणायचा धुतलाय. मी म्हणायची, कुठल्या पाण्याने? तो म्हणायचा, पाण्याने म्हणजे पाण्याने. सगळ्यात मोठं भांडण कच्च्या दुधावरून. हा बाबा धार काढता काढता पेलाभर तसंच पिऊन टाकायचा, गरम, फेसासकट. वर चार घरांना कच्चंच घालायचा आणि सांगायचा की तापवलं की दूध मरतं.

"दूध मरत नाही, दुधातले मरतात," मी म्हटलं होतं.

"माझ्या गाई धडधाकट आहेत बाई. त्यांच्या दुधात काय असणार?"

"धडधाकट दिसणाऱ्या गाईच्या दुधातसुद्धा क्षयाचा जंतू उतरतो. ती खोकत नाही, वाळत नाही, मजेत रवंथ करते आणि जंतू दुधात सोडते. आणि टायफॉइड तर गाईला होतच नाही."

"मग झालं तर."

"झालं काय? तो माणसाचा आजार. कॅन ज्या पाण्याने धुतलात त्या पाण्यातून येतो, नाहीतर धार काढणाऱ्याच्या हातातून. एकदा येऊन गेलेला माणूस स्वतः ठणठणीत असतो, पण पोटात जंतू वर्षानुवर्षं बाळगतो आणि न धुतलेल्या हाताने दुधात सोडतो. दूध म्हणजे त्याला आयतं घर. चिमूटभर पडला की वाढायला लागतो."

तो आपल्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुमच्याशी बोललं की माणसाला तहानसुद्धा लागणार नाही." आणि निघून गेला. मला राग आला. पण त्या रात्री भाकरी थापताना हसू फुटलं, ते का ते कळलं नाही.

मग त्या वर्षी थंडी सरता सरता तो बदलला.

सकाळी यायचा तो नेहमीसारखा, कोरडा, तुटक. पण संध्याकाळी कॅन घेऊन आला की गाल लालबुंद, डोळे चमकतायत, कपाळावर घामाचे थेंब. माझ्या हातात नमुन्याचा पेला देताना त्याचा हात थरथरायचा. एकदा तर दूध माझ्या बुटावर सांडलं. मी नेहमीप्रमाणे तोंड उघडलं, तर तो इतका गहिवरल्यासारखा बघत होता की मी तोंड मिटलं. मशीनवाला दारातून पाहत होता. तपासणीबाईंनी तोंड मिटलं, ही बातमी त्याने त्याच्या आवाजात सगळीकडे कळवली.

"ताई, हे प्रेम आहे," माझी धाकटी बहीण म्हणाली. ती माझ्याबरोबरच राहते, शिवणकाम करते, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीला हेच निदान देते.

"गप गं. वय काय माझं."

"जेवतो का नीट?"

"मला काय माहीत? मशीनवाला म्हणत होता, डबा तसाच परत नेतो."

"बघ. झोप?"

"पाठ धरली म्हणतो. पायरीवर बसतो आणि उसासे टाकतो."

"बघ," बहीण म्हणाली, आणि शिवणाच्या मशीनला अशी काही गती दिली, जणू तिला सगळं समजलंय. "सकाळी माणूस कामात असतो. संध्याकाळी हळवा होतो."

मला ते पटलं. का पटू नये? वाळलेल्या गालांचा, चमकत्या डोळ्यांचा तो माणूस पायरीवर बसून "अंगात त्राण नाही बाई" म्हणायचा, तेव्हा माझ्याही अंगातलं त्राण जायचं. त्याच्या अंगाला ओल्या गवताचा वास यायचा. गोठ्यातला माणूस, त्याला गवताचा वास येणार नाही तर कसला येणार? मला तो वास आवडायला लागला होता. टोपीखाली मी केसांना तेल लावायला लागले. टोपीतून कुणाला काय दिसणार होतं, देव जाणे.

मध्येच पंधरवडाभर सगळं थांबलं. संध्याकाळीही तो सकाळसारखाच कोरडा. घाम नाही, लाली नाही, पेला सरळ हातात. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. ह्या वयात, खरंच सांगते, हुंदके देऊन रडले. बहीण म्हणाली, रुसला असेल, येईल. आणि आला. पुन्हा गाल लाल, पुन्हा थरथर. मी हवेत तरंगत होते. आंबट दुधाचा एक आख्खा कॅन मी त्या आठवड्यात शिव्या न देता परत केला, तेव्हा कॅनवाला घाबरून मला बरं नाही का म्हणून विचारायला लागला.

बहिणीने तेवढ्यात एक उद्योग केला. होणाऱ्या मेव्हण्याचा धंदा आहे म्हणून तिने त्याच्याकडून पेलाभर कच्चं दूध लावलं, कांतीला चांगलं म्हणून. मला कळलं तेव्हा तिचं दोनदा पिऊन झालं होतं. मी तिला इतकी बोलले की शेजारचे दार उघडून बघायला लागले. त्यानंतर तिने ते उकळून घेतलं, माझ्यासमोर, मी पातेल्यावर वाकून उभी असताना.

आता आमच्याकडे दूध कसं तापवतात ते सांगते, कारण पुढे त्यावर सगळं येणार आहे. यंत्रात स्टीलच्या पातळ पातळ ताटल्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात. एका अंगाने गरम पाणी, दुसऱ्या अंगाने दूध. दूध बहात्तर अंशांपर्यंत तापतं आणि एका लांब नळीतून पंधरा सेकंद चालतं. नळीच्या शेवटी एक झडप आहे, ती माझी लाडकी. दूध बहात्तरच्या खाली उतरलं की झडप त्याला पुढे जाऊ देत नाही, सरळ मागे टाकीत पाठवते, जा, पुन्हा तापून ये. तिच्याशी वाद घालता येत नाही. मशीनवाला म्हणतो की ती झडप माझ्यावरून बेतली आहे.

कोपऱ्यात एक जुनी टाकीही होती. त्या काळची पद्धत संथ. टाकीभर दूध त्रेसष्ट अंशांवर अर्धा तास ठेवायचं, ढवळत राहायचं, आणि वर झाकणाखाली वाफ सोडायची, कारण फेस दुधापेक्षा गार राहतो आणि जंतू फेसात बसून बचावतात. घाई असेल तर जास्त ताप आणि कमी वेळ, घाई नसेल तर कमी ताप आणि जास्त वेळ. काम दोन्हींत तेच होतं. पूर्वी हे आकडे क्षयाच्या जंतूवर बेतले होते, तो चिवट. पुढे त्याहून थोडा चिवट एक सापडला, म्हणून थोडे वाढवले. टायफॉइड वगैरे बाकीचे तर त्याच्या आधीच गळपटतात.

धक्क्यावरच्या कच्च्या दुधाची मात्र आम्हाला अधूनमधून एक वेगळी तपासणी करावी लागते. नळीत दूध घ्यायचं, त्यात निळं-जांभळं औषध टाकायचं, अंगाच्या उबेइतक्या गरम पाण्यात तासभर ठेवायचं. गाईंना संसर्गजन्य गर्भपाताचा रोग असेल, तर सगळा रंग सायीबरोबर वर चढतो आणि नळीच्या तोंडाशी निळं कडं बसतं, खाली दूध पांढरंफेक. रोग नसेल तर दूध निळसर राहतं आणि साय पांढरी. मुकाट्याने बघायचं, लिहायचं, पुढची नळी.

त्या दिवशी मी गुणगुणत नळ्या लावल्या. तासाने उचलल्या. गोठेवाल्याच्या नळीत कडं होतं. इतकं सुरेख, इतकं गडद कडं मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

मशीनवाला डोकावला. "कुणाची नळी?"

"गोठेवाल्याची."

"अरे वा. कडं पाठवलंय की त्याने. आता मागणीच समजा."

मी हसले. आणि हसता हसता माझं तोंड उघडंच राहिलं.

कारण हा रोग माणसाला होतो. कच्च्या दुधातून होतो, अवेळी पडलेलं वासरू उघड्या हाताने उचललं तरी होतो. आणि झाला की काय होतं ते मी नोकरीच्या पहिल्या महिन्यात पाठ केलेलं होतं. दिवस कलला की ताप चढतो, सकाळी उतरतो. अंगाला दरदरून घाम. सांधे आणि पाठ धरते. भूक जाते. मन उदास होतं, उसासे. काही आठवडे ताप, मग काही दिवस बरं, मग पुन्हा ताप, लाटांसारखा. आणि पुस्तकात एक ओळ होती, तिला मी तेव्हा हसले होते: घामाला ओल्या गवताचा वास येतो.

मी खाली बसले, तिथेच, लॅबच्या फरशीवर, गमबूट पसरून. आधी हसू आलं. पोट धरधरून हसले. मशीनवाला घाबरून पाणी घेऊन आला. मग ते हसणं कधी रडणं झालं ते मलाच समजलं नाही. माझं आयुष्यातलं एकुलतं एक प्रेमप्रकरण एका जंतूने चालवलं होतं. लाली त्याची, थरथर त्याची, चमकते डोळे त्याचे. आणि मी, जी दुधातला पाण्याचा थेंब वासावरून ओळखते, ती ह्या माणसासमोर रोज संध्याकाळी उभी राहून लाजत होते.

"बाई, काय झालं?" मशीनवाला म्हणाला.

"त्याला प्रेम नाही झालेलं. ताप आलाय."

बिचाऱ्याने पहिल्यांदाच आयुष्यात हळू बोलून दाखवलं. "दोन्ही असू शकतं," तो म्हणाला. मी त्याच्या अंगावर ओरडले आणि गोठ्याकडे निघाले.

संध्याकाळ होत आली होती. गोठेवाला दाराशी उलट्या बादलीवर बसला होता, अंगावर घोंगडं, दात वाजतायत. मला पाहून उठायला गेला आणि कमरेला हात लावून परत बसला. आता मला सगळं दिसत होतं. इतकं ढळढळीत दिसत होतं की माझी मलाच लाज वाटली. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. कितीदा मनात ठेवला होता तो हात, आणि खरा ठेवला तो अशा कारणासाठी. कपाळ भाजत होतं.

"ह्या वर्षी वासरं अवेळी पडली?" मी विचारलं.

"दोन. का?"

"कुणी उचलली?"

"मीच. दुसरं कोण आहे इथे?"

"हाताने?"

"हाताने म्हणजे हाताने."

मी त्याला सगळं सांगितलं. कडं, ताप, घाम, गवताचा वास. माझा मूर्खपणा तेवढा सांगितला नाही. तो ऐकत राहिला. मला वाटलं भांडेल. पण तो एवढंच म्हणाला, "आणि माझी चार घरं? त्यात एक लेकुरवाळी आहे." आणि घोंगडं टाकून उठला, ठेचकाळत त्या चारही घरी गेला. मी कंदील धरून बरोबर. प्रत्येक दारात त्याने तेच वाक्य म्हटलं: माझ्या दुधात रोग आहे, घेतलेलं ओतून टाका, आणि डॉक्टरला दाखवून या. ज्याने मला दोन वर्षं दूध मरतं म्हणून सांगितलं, त्याने. शेवटच्या दारात त्याचा आवाज फुटला. त्या क्षणी मला जे वाटलं, ते ना त्याच्या लालीमुळे होतं, ना त्याच्या चमकत्या डोळ्यांमुळे. मला भीती वाटली. आता हे प्रेम माझ्या एकटीचं होतं, जंतूचं नव्हतं.

गुरांची डॉक्टर आली. प्रत्येक गाईचं रक्त घेतलं, आणि आलीच आहे तर म्हणून क्षयासाठी मानेच्या कातडीत सुई टोचली. तीन दिवसांनी येऊन मानेवरची सूज मोजली. रक्तात तीन गाई सापडल्या. आणि सूज आली ती नेमकी थोरलीला, कळपातली सगळ्यात तुकतुकीत, सगळ्यात जास्त दूध देणारी, जिच्या जोरावर तो धडधाकट म्हणायचा ती. तिच्या कासेखाली बसून तो रोज पेला भरायचा. त्याच्या छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ निघाला, नशीब त्याचं. चारही गाई गेल्या. नेताना तो गोठ्याच्या मागे जाऊन उभा राहिला, आणि मी रस्त्यावर उभी राहून दुसरीकडे बघत राहिले. ह्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

त्याचं रक्तही पॉझिटिव्ह आलं. दोन औषधं, सहा आठवडे, एक दिवसही चुकवायचं नाही, नाहीतर ताप परत. चारही घरांत कुणाला रोग सापडला नाही. बहिणीचं रक्त तपासलं, ठीक. तिने सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच म्हणाली, "म्हणजे मेव्हणा गेलाच म्हणायचा." मी तिच्या अंगावर कापडाचा गठ्ठा फेकला.

गोठा बंद होता तोवर तो धक्क्यावर येण्याचं कारण नव्हतं. ताप उतरला, जेवायला लागला, पाठ सुटली, असं मशीनवाल्याकडून कळत होतं. प्रत्येक बातमीला मी "बरं झालं" म्हणायची. आणि घरी आल्यावर हिशेब मांडायची: घाम गेला, म्हणजे एक गेलं. थरथर गेली, दुसरं गेलं. उसासे गेले. माझ्यासाठी त्या माणसात काय उरणार होतं? मी देवाला काय मागावं तेसुद्धा मला कळेना. त्याला बरा कर, हे तर मागतच होते. पण बरा झाला की तो माझा राहणार नव्हता, हेही मला ठाऊक होतं.

आमची जुनी टाकी त्या सुमारास डेअरीने काढून टाकली. ती कुणी नेली, ते मशीनवाल्याने सांगितलं नाही. विचारलं तर त्याने दात काढले.

मग एका सकाळी तो आला. सकाळी. संध्याकाळी नाही.

मी लॅबच्या दारात होते. तो धक्क्याच्या पायऱ्या चढून आला, ताठ, न थांबता, कमरेला हात न लावता. चेहरा सावळा, कोरडा. कपाळावर घामाचा टिपूस नाही. डोळे शांत. गवताचा वाससुद्धा नाही, साबणाचा येत होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला रडू येईल असं वाटलं. इतका बरा झालेला माणूस मी पाहिला नव्हता.

"बसा," मी म्हटलं आणि थर्मामीटर त्याच्या तोंडात कोंबला, म्हणजे कुणाला काही बोलावं लागू नये. काढून पाहिला. ताप नव्हता. माझी शेवटची आशा तिथे संपली.

"पूर्ण बरे झालात," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

त्याने पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. दुधाची. "हे तपासा," तो म्हणाला. "उरलेल्या गाईंचं आहे. सगळ्या दोनदा तपासून झाल्या. आणि तापवलंय. तुमची जुनी टाकी मी घेतली."

"फेसावर वाफ सोडली?"

"सोडली."

"ढवळलं?"

"अर्धा तास. टाकीपासून हललो नाही."

काम मिळालं म्हणून मला बरं वाटलं. कच्च्या दुधात एक पदार्थ असतो, तो क्षयाच्या जंतूपेक्षा जरा जास्तच ताप सोसतो. तो मेला की जंतू नक्की मेला. औषध घालायचं, उबेला ठेवायचं. दूध पिवळं पडलं तर नीट तापलेलं नाही, नाहीतर कच्चं मिसळलंय. मी नळी पाण्यात ठेवली आणि तिच्याकडे टक लावून बसले, कारण दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती.

"बाई," तो म्हणाला.

"थांबा, रंग बघायचाय."

"बघा की. मी बोलतो." तो अगदी सावकाश बोलत होता. "तेव्हा संध्याकाळी यायचो ना, ते मला अर्धं आठवतच नाही. कान वाजायचे. काही काही दिवशी तर मला तुम्ही दोन दिसायच्या. त्यातल्या कुणाशी बोलावं तेच कळायचं नाही."

मी घड्याळ बघितलं.

"पण सकाळी ताप नसायचा," तो म्हणाला. "सकाळी मला सगळं लख्ख दिसायचं. तुम्ही टोपीखाली तेल लावायला लागलात तेही दिसलं, कानामागे ओघळ यायचा. सकाळी मला तुमच्याशी बोलायचं असायचं, आणि म्हणून तोंडातून शब्द फुटायचा नाही. तुटक बोलून पळायचो. संध्याकाळी बोलायची हिंमत यायची, तर डोकं ठिकाणावर नसायचं."

नळीतलं दूध पांढरंच होतं. मी नळी पाण्यातून उचलली.

"आता ताप नाही, पाठ नाही, काही नाही. तुम्ही एकच दिसताय. म्हणून त्या एकीलाच विचारायला आलोय." तो थांबला. "माझ्याशी लग्न कराल का? घाई नाही. माझी पद्धत संथ आहे, मी थांबेन. फक्त त्या झडपेसारखं मागे पाठवू नका."

बाहेर यंत्राची घरघर अचानक थांबली. मशीनवाल्याने यंत्र बंद केलं होतं, ऐकायला. दूध मध्येच नळीत उभं, आणि ह्याला प्रेमकथा ऐकायची आहे. एरवी मी त्याची सालं काढली असती.

पण माझ्या हातातली नळी थडथड वाजत होती. मी ती ठेवली, तर हात टेबलावर वाजायला लागला. गाल भाजत होते. मानेवरून घाम उतरत होता. अंगातलं त्राण गेलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो शांत बसला होता, कोरड्या कपाळाने, आणि आता थरथरत होते मी.

"तुम्हाला बरं नाही का?" तो घाबरून म्हणाला. "कच्चं काही प्यायलात?"

"मी?" मी म्हटलं. "मी आयुष्यात कच्चं प्यायले नाही."

तरी खात्री करून घ्यायची माझी सवय. थर्मामीटर स्पिरिटने पुसला, झटकला आणि जिभेखाली धरला. तो समोर, मशीनवाला दारात. काढला, उजेडाकडे धरला आणि पाहिला.

ताप नव्हता.

मग मी त्याला उत्तर दिलं. अर्धा तास नाही लावला, पंधरा सेकंदसुद्धा नाही. आणि दाराकडे वळून मशीनवाल्याला म्हटलं, यंत्र चालू कर, दूध गार पडतंय.